'पंपिंग नॉर्मल' तरी दम लागतो: वजनाचं इंजेक्शन की पोटाचं ऑपरेशन?

गेल्या दोन वर्षांत एक प्रश्न माझ्यासमोर जवळजवळ रोज येतो. "डॉक्टर, ऑपरेशनने जे होतं तेच इंजेक्शनने होत असेल, तर पोट कशाला कापायचं?" विचारणाऱ्याचं चुकत नाही. दोन्हींनी भूक मंदावते, दोन्हींनी वजन उतरतं. शिवाय गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठर लहान करून अन्न थेट पुढच्या आतड्यात नेणारं ऑपरेशन, झाल्यावर जेवलं की आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक आधीपेक्षा कितीतरी जास्त सुटतं, आणि सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही इंजेक्शनं त्याच संप्रेरकाच्या कुलपात किल्ली फिरवतात. म्हणजे दोघांचं नातं खरंच आहे.

पण नातं असणं आणि एकच असणं यांत फरक आहे. रक्तदाब, दम लागणारं हृदय आणि हार्ट अटॅकसारख्या घटना हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि तिन्हींची उत्तरं एकाच बाजूला झुकत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. नाव सुमनताई म्हणू. वय ६३, उंची १५४ सेंटिमीटर, वजन ८८ किलो, म्हणजे बीएमआय ३७. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन अशा तीन गोळ्या, तरीही वरचा आकडा १४८. एक जिना चढला की थांबावं लागतं, संध्याकाळी पायांवर चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटतो. टूडी इको केला, त्यात लिहून आलं की इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते माप, ६२ टक्के. घरच्यांना सांगण्यात आलं, "पंपिंग नॉर्मल आहे, वजन कमी करा."

इथेच पहिली चूक होते. पंपिंग नॉर्मल म्हणजे हृदय आकुंचन पावताना नीट दाबतं, एवढंच. ते सैल होऊन रक्ताने भरतं कसं, हे त्या आकड्यात दिसत नाही. भिंती ताठ झाल्या की भरताना आतला दाब वाढतो, तो मागे फुफ्फुसांवर येतो आणि माणसाला दम लागतो. याला म्हणतात पंपिंग शाबूत असलेलं हार्ट फेल्युअर, डॉक्टरांच्या बोलण्यातलं 'हेफ-पेफ'.

ते ओळखायला गुणांची एक साधी पद्धत आहे, कमाल गुण ९. सुमनताईंचे मोजू: बीएमआय ३० च्या वर, २ गुण. रक्तदाबाच्या दोन किंवा जास्त गोळ्या, १. वय साठीच्या पुढे, १. इकोमध्ये फुफ्फुसाच्या धमनीतला दाब ३५ च्या वर, १. हृदय भरतानाचा दाब सुचवणारं गुणोत्तर ९ च्या वर, आणखी १. झाले ६. सहा किंवा जास्त गुण म्हणजे हेफ-पेफची शक्यता ९० टक्क्यांच्या पुढे. (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे नाडीचा ठोका बिघडलेला असता, तर एकट्याचेच ३ गुण मिळाले असते.) एक खाचही सांगते: एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी लठ्ठ माणसात मुळातच कमी येते. रिपोर्ट जवळपास नॉर्मल आला म्हणून हृदय ठीक आहे असं समजून रुग्ण घरी जातात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आता पहिला प्रश्न, रक्तदाब. इथे ऑपरेशनचं पारडं जड आहे, आणि त्याला चांगला पुरावा आहे. ब्राझीलमधल्या गेटवे चाचणीत बीएमआय ३० ते ३९.९ असलेले, रक्तदाबाच्या दोन किंवा अधिक गोळ्या पूर्ण किंवा बऱ्यापैकी मात्रेत घेणारे १०० जण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटाचा गॅस्ट्रिक बायपास झाला, दुसऱ्याला फक्त औषधं. वर्षभरात ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे ८४ टक्के लोकांच्या गोळ्या किमान ३० टक्क्यांनी कमी झाल्या आणि दाब आटोक्यात राहिला. औषधांच्या गटात हे जेमतेम १३ टक्के लोकांत घडलं. ऑपरेशन झालेल्यांपैकी निम्म्या जणांच्या गोळ्या पूर्ण सुटल्या. पाच वर्षांनंतरही चित्र फारसं बदललं नाही.

इंजेक्शनांचं काय? वजन भरपूर उतरूनही वरचा दाब सरासरी चार-पाच अंकांनी कमी होतो, टिर्झेपाटाइडच्या २४ तासांच्या मोजमापात सात ते दहा. हे कमी लेखू नये. मात्र या चाचण्यांत बहुतेकांचा दाब आधीच आटोक्यात होता, म्हणून सरासरी लहान दिसते. ज्याचा दाब तीन गोळ्यांनीही ऐकत नाही त्याला जास्त फायदा होऊ शकतो. पण गेटवेसारखी 'गोळ्या किती सुटल्या' असं थेट विचारणारी चाचणी हा ऑपरेशनचा पुरावा आहे, इंजेक्शनचा नाही. आणि इंजेक्शनाने नाडीचा वेग थोडा वाढतो, हेही लक्षात ठेवावं.

ऑपरेशनच्या बाबतीतही अतिउत्साह नको. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या एसओएस अभ्यासात रक्तदाबापासून सुटका झालेले दोन वर्षांनी ३४ टक्के होते, दहा वर्षांनी १९ टक्के. दाब परत येतो. 'आता बीपी गेलं' म्हणून मशीन कपाटात ठेवू नका.

दुसरा प्रश्न हेफ-पेफचा, आणि इथे पारडं फिरतं. स्टेप-हेफपेफ चाचणीत ५२९ लठ्ठ रुग्णांना वर्षभर आठवड्याला २.४ मिलिग्रॅम सेमाग्लुटाइड किंवा नुसतं पाण्याचं इंजेक्शन दिलं. वजन १३ टक्क्यांनी उतरलं, पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं: दम, थकवा आणि दैनंदिन कामं यांवरच्या १०० गुणांच्या प्रश्नावलीत औषधाच्या गटात जवळपास १७ गुणांची सुधारणा झाली, दुसऱ्या गटात ९. सहा मिनिटांत चालण्याचं अंतर २१ मीटरने वाढलं, दुसऱ्या गटात एकाच मीटरने. आणि एनटी-प्रोबीएनपी खाली आलं. वजन उतरलं की ते एरवी वर जातं, म्हणून ते खाली येणं ही हृदयावरचा ताण हलका झाल्याची खूण मानता येते.

त्यानंतर २०२४ मध्ये समिट चाचणी आली, टिर्झेपाटाइडची, ७३१ रुग्णांवर, सुमारे दोन वर्षं. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावणं, दोन्ही मिळून औषधाच्या गटात ९.९ टक्के, दुसऱ्यात १५.३. मात्र हा फायदा जवळपास सगळा हार्ट फेल्युअर बळावणं टळल्यामुळे आहे. हृदयविकाराने मृत्यू औषधाच्या गटात ८ आणि दुसऱ्यात ५ होते. एवढ्या लहान आकड्यांवरून काहीच ठरत नाही. म्हणून 'आयुष्य वाढतं' असं मी रुग्णाला सांगत नाही. 'दम कमी होईल, अ‍ॅडमिट व्हायची वेळ कमी येईल' हे सांगते.

ऑपरेशनने हेफ-पेफ सुधारतं का? स्वीडनच्या मोठ्या नोंदींत गॅस्ट्रिक बायपास केलेल्या लोकांना पुढे हार्ट फेल्युअर होण्याचं प्रमाण निम्म्याच्या जवळ आलं होतं. पण ते आधी हार्ट फेल्युअर नसलेले लोक होते. आजार टाळणं आणि झालेला आजार बरा करणं वेगळं. दम लागत असलेल्या रुग्णाला भूल देऊन टेबलावर घेण्याची जोखीमही त्यात धरावी लागते.

एक इशारा इथेच. हे सगळं पंपिंग शाबूत असलेल्यांबद्दल आहे. पंपिंग खरोखर कमी, म्हणजे ४० टक्क्यांच्या खाली असेल, तर याच वर्गातल्या लिराग्लुटाइडच्या चाचण्यांत हृदयाच्या गंभीर तक्रारी वाढल्याचे संकेत मिळाले होते. इकोचा रिपोर्ट न दाखवता इंजेक्शन सुरू करू नये.

तिसरा प्रश्न, घटना: हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू. सिलेक्ट चाचणीत आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात वगैरे झालेले, पण मधुमेह नसलेले १७,६०४ जण होते. सुमारे सव्वातीन वर्षांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्या दर शंभरात साडेसहा जणांना घटना घडली, न घेणाऱ्यांत आठ. ऑपरेशनच्या बाजूला एसओएसमध्ये हृदयविकाराने मृत्यू ऑपरेशन झालेल्यांत २८ आणि न झालेल्यांत ४९ होते, दोन्हीकडे सुमारे दोन-दोन हजार लोक. हा फरक मोठा दिसतो, पण तिथे चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. ऑपरेशन स्वतःहून निवडणारा माणूस न निवडणाऱ्यापेक्षा वेगळा असू शकतो. शिवाय तिथली बहुतेक ऑपरेशनं आज कोणी करत नाही अशा पद्धतीची होती. दोन्हींची तुलना करून 'ऑपरेशन दुप्पट चांगलं' असं म्हणणं चूक आहे.

मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळी वाटते: दोन्ही अभ्यासांत ज्याचं वजन जास्त उतरलं त्याच्या घटना त्या प्रमाणात कमी झाल्या, असं दिसलं नाही. म्हणजे काटा हा हृदयाच्या फायद्याचा मापक नाही.

मग सुमनताईंचं काय करायचं? त्यांचा त्रास दमाचा आहे, म्हणून इंजेक्शनापासून सुरुवात योग्य, अर्थात हेफ-पेफच्या नेहमीच्या औषधांसोबत. टिर्झेपाटाइड आठवड्याला २.५ मिलिग्रॅम, चार आठवड्यांनी ५, मग सोसेल तसं वाढवत. दोन-तीन वर्षांनीही गोळ्या तशाच राहिल्या आणि प्रकृतीला भूल सोसत असेल, तर ऑपरेशनचा विचार करता येईल. भारतीय लोकांसाठी बीएमआय २७.५ पासून तो मांडला जातो.

पण सुरू करण्याआधी त्यांनी दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. पहिली, औषध थांबवलं तर वजन परत येतं. टिर्झेपाटाइडच्या एका चाचणीत ३६ आठवडे औषध घेऊन जवळपास २१ टक्के वजन उतरलेल्यांचं औषध बंद केलं, तर पुढच्या वर्षभरात वजन १४ टक्क्यांनी वाढलं, आणि दाबही वर सरकला. म्हणजे खर्च महिनोन्‌महिने चालणार आहे, आणि तो पेलणार की नाही हे आधीच मोजावं. बायपासला हा प्रश्न नाही. तिथे बी-१२ आणि लोहाच्या गोळ्या मात्र जन्मभर लागतात.

दुसरी गोष्ट जास्त तातडीची. वजन उतरू लागलं की जुन्या गोळ्या भारी पडतात. तिसऱ्या महिन्यात सुमनताईंचं वजन ७९ किलो झालं आणि सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना डोळ्यांपुढे अंधारी आली, असं धरू. बसून दाब ११८, उभं राहून तीन मिनिटांनी ९४. वीसपेक्षा जास्त घसरण म्हणजे गोळ्या कमी करायची वेळ. त्यांच्या पायांना आता सूज नव्हती, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन थोडं वाढलं होतं, म्हणून आधी लघवी वाढवणारं क्लोरथॅलिडोन बंद केलं. मग अ‍ॅम्लोडिपिन अर्धं. त्या गोळीनेही पाय सुजतात, त्यामुळे सूज हृदयाची की गोळीची हा गोंधळही मिटला. टेल्मिसार्टन शेवटपर्यंत ठेवलं. उलट्या-जुलाबाच्या दिवशी कुठली गोळी थांबवायची, हे एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं, कारण त्या दिवशी फोन लागेलच असं नाही.