फिशर–ट्रॉप्श संश्लेषण

कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांच्या मिश्रणापासून, म्हणजेच संश्लेषण वायूपासून, लोह किंवा कोबाल्ट उत्प्रेरकावर द्रवरूप हायड्रोकार्बने बनवण्याची प्रक्रिया. फ्रान्त्स फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी जर्मनीतील म्यूलहाइमच्या कोळसा संशोधन संस्थेत 1920 नंतरच्या दशकात ती विकसित केली. संश्लेषण वायू कोळशापासून मिळतो, तसाच नैसर्गिक वायूपासूनही. मुख्य विक्रिया अशी मांडतात :

nCO + 2nH₂ → (CH₂)ₙ + nH₂O

या समीकरणातले पाणी नजरेआड होऊ देऊ नये. हिशेब केला तर एक टन हायड्रोकार्बनामागे जवळपास 1.3 टन पाणी तयार होते.

समीकरणातला n किती असेल, हे मात्र कारखानदाराला ठरवता येत नाही. या प्रक्रियेचे सारे मर्म त्यातच आहे. धातूच्या पृष्ठभागावर साखळी एकेका कार्बनाने वाढते. प्रत्येक टप्प्यावर तिच्यापुढे दोनच वाटा असतात : आणखी एक कार्बन जोडून घेणे, किंवा पृष्ठभाग सोडून निघून जाणे. वाढत राहण्याच्या संभाव्यतेला α म्हणतात. एकदा α ठरला की प्रत्येक लांबीच्या साखळीचा वजनातला वाटाही ठरतो :

Wₙ = n(1 − α)² αⁿ⁻¹

α 0.7 धरला, तर पाच किंवा अधिक कार्बनांची उत्पादने सुमारे 53 टक्के भरतात, मिथेन 9 टक्के असतो आणि 20 पेक्षा जास्त कार्बनांचे मेण जेमतेम अर्धा टक्का निघते. α 0.9 केला की मिथेन 1 टक्क्यावर उतरतो, 10 ते 20 कार्बनांचा, म्हणजे साधारण डिझेलचा, भाग 37 टक्के होतो आणि तेवढेच मेणही पदरात पडते. नुसते डिझेल देणारा α अस्तित्वातच नाही. म्हणून सरळ डिझेलच्या मागे न लागता आधी मुद्दाम मेण बनवायचे आणि मग ते हायड्रोजनच्या सान्निध्यात तोडायचे, हा आडवळणाचा दिसणारा मार्गच खरा शहाणपणाचा आहे. मलेशियातील बिंतुलू येथे 1993 मध्ये सुरू झालेला शेलचा कारखाना याच तत्त्वावर उभा आहे. विक्रियापात्रातून बाहेर पडणारा जड भाग थंड झाला की मेणबत्तीसारखा पांढरा गोळा होऊन बसतो. तोच तोडल्यावर गंधकमुक्त डिझेल हाती येते.

बिंतुलूत नैसर्गिक वायू आणि कोबाल्ट यांची जोडी आहे. कोबाल्ट साधारण 200 ते 240 अंश सेल्सिअसला काम करतो आणि त्याला एका CO मागे दोनाहून थोडे अधिक H₂ लागतात. नैसर्गिक वायूपासून एवढा हायड्रोजन सहज मिळतो. लोहाचा गुण वेगळा. विक्रियेत तयार झालेल्या पाण्याची ते CO शी गाठ घालून देते आणि त्यातून CO₂ व नवा हायड्रोजन मिळतो. त्यामुळे हायड्रोजन कमी असलेला वायूही लोहाला चालतो, पण त्याची किंमत म्हणून बराच कार्बन CO₂ होऊन जातो.

दक्षिण आफ्रिकेतील सेकुंडा येथे सासोल कंपनी कोळशापासून मिळवलेला वायू सुमारे 340 अंशांना लोहावर चालवते. एवढ्या तापमानाला कोबाल्टने बहुतांशी मिथेनच दिला असता. तिथली उत्प्रेरकाची पूड वाहत्या वायूत तरंगत राहते. तिच्यावर द्रव मेण साचले तर कण एकमेकांना चिकटून थर बसेल, म्हणून तिथे α जाणूनबुजून कमी ठेवावा लागतो. साहजिकच तिथले उत्पादन पेट्रोल व अल्कीन यांच्या बाजूला झुकते.

प्रत्यक्ष कामात सर्वांत जास्त त्रास उष्णतेचा. CO च्या प्रत्येक मोलमागे सुमारे 165 किलोजूल उष्णता बाहेर पडते, म्हणजे वायूतल्या ऊर्जेचा ढोबळमानाने पाचवा हिस्सा. ही उष्णता वेळीच काढून घेतली नाही, तर एखाद्या नळीचा एक भाग तापतो, तापल्याने विक्रिया आणखी वेगाने होते, आणि त्या वेगाने तो भाग आणखी तापतो. म्हणून उत्प्रेरक अरुंद नळ्यांत भरून भोवती पाणी उकळत ठेवतात, किंवा वितळलेल्या मेणातच उत्प्रेरकाचे कण तरंगत ठेवून आत शीतन नळ्या बसवतात. बिघाडाची खूण बाहेर जाणाऱ्या वायूत दिसते : मिथेनचे प्रमाण चढू लागले की कुठेतरी तापमान वाढले आहे असा संशय घ्यावा. लोहाच्या बाबतीत जास्त तापमानाला कणांवर काजळी साचते, कण फुगतात आणि फुटून त्यांची बारीक भुकटी होते.

मिथेन न वाढता CO चे रूपांतरणच हळूहळू घटत असेल, तर नजर गंधकाकडे वळवावी. कोळशाच्या वायूतला हायड्रोजन सल्फाइड दोन्ही धातूंना घट्ट चिकटतो आणि चालू विक्रियापात्रात तो पुन्हा निघत नाही. म्हणून वायू आधी अतिशीत मिथेनॉलने धुतात. ही धुलाई एकदा चुकली, तर नळ्यांच्या तोंडाजवळचा उत्प्रेरक आधी मरतो आणि विक्रियेची ऊब एकेक थर सोडत खाली सरकत जाते.