पोर की पारा? आमच्या स्पॅनिश विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

स्पॅनिशच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वर्गात हमखास येणारा प्रश्न म्हणजे 'पोर' आणि 'पारा'. पुस्तकात दोन्हींच्या उपयोगांच्या लांबलचक याद्या असतात. त्या पाठ होतात, पण बोलताना आठवत नाहीत.

गोंधळाचं मूळ आपल्या 'साठी'त आहे. 'मी आईसाठी औषध आणलं' आणि 'मी आईसाठी नोकरी सोडली' या दोन्ही वाक्यांत आपण 'साठी'च म्हणतो. पण पहिल्यात औषध आईकडे जातं, तर दुसऱ्यात आई हे नोकरी सोडण्याचं कारण आहे. स्पॅनिशमध्ये पहिल्या ठिकाणी 'पारा' येतो, दुसऱ्या ठिकाणी 'पोर'. इंग्रजीतला 'फॉर'ही असाच दोन्हीकडे चालतो, त्यामुळे इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्यांचीही सुटका नाही.

आम्ही एक चाचणी शिकवतो. 'साठी' काढून त्या जागी 'मुळे' किंवा 'खातर', 'ऐवजी', 'च्या बदल्यात' यांपैकी काही घालून बघा. अर्थ न बदलता एखादा शब्द बसला, तर 'पोर'. एकही बसला नाही आणि वाक्य पुढे कुठेतरी, म्हणजे एखाद्या माणसाकडे, हेतूकडे किंवा मुदतीकडे बोट दाखवत असेल, तर 'पारा'.

समजा, आईला बरं नाही, म्हणून तुम्ही औषध आणायला गेलात. 'आईऐवजी मी दुकानात गेलो' हे बसतं, म्हणून 'फुइ आ ला फार्मासिआ पोर मी माद्रे'. औषध मात्र आईऐवजी नाही की आईच्या बदल्यातही नाही, ते तिलाच द्यायचंय: 'कोम्प्रे ला मेदिसिना पारा मी माद्रे'. त्याचे दोनशे रुपये मोजले, तर पैशांच्या बदल्यात औषध, म्हणजे 'पोर दोस्सिएन्तास रूपियास'. इथे मराठीत आपण 'दोनशे रुपयांना' म्हणतो, 'साठी' येतच नाही, म्हणून हा 'पोर' हमखास सुटतो. गृहपाठ तपासताना आम्ही आधी किमतीच बघतो!

सोमवारपर्यंत काम हवं असेल, तर 'पारा एल लुनेस', कारण ती मुदत आहे. 'सकाळी' म्हणायचं असेल, तर 'पोर ला मान्याना'. वाटेतून, बागेतून जाणं हेही 'पोर'. इथे वरची चाचणी लावत बसू नका. 'साठी'चा प्रश्नच नाही.

काही क्रियापदांपुढे मात्र ही चाचणी फसते. 'लुचार' म्हणजे लढणं. स्वातंत्र्यासाठी लढणं हा सरळ हेतू वाटतो, तरी स्पॅनिशमध्ये ते 'लुचार पोर ला लिबेर्ताद' असंच होतं. कुणाची चौकशी करणं म्हणजे 'प्रेगुन्तार पोर'. आभार मानतानाही 'ग्रासिआस पोर ला आयुदा'. अशी क्रियापदं आणि शब्दप्रयोग 'पोर'सकटच वहीत लिहा, सुटे लिहू नका. आपल्या वर्गाच्या वहीत शेवटची दोन पानं त्यासाठीच कोरी ठेवली आहेत.