खाली उतरलेली रेषा नेमकी कुणाची?

दोन मुलींची वजनं शेजारी शेजारी मांडून बघू. पहिली जन्मली तेव्हा ३.७ किलो होती, सहाव्या महिन्यात ७.३, नवव्या महिन्यात ८.२ आणि पहिल्या वाढदिवसाला ८.९. दुसरी जन्मतः ३.२ किलो, सहाव्या महिन्यात तीही ७.३. नवव्या महिन्यातही ७.३ च, आणि वाढदिवसाला ७.४. वाढीच्या तक्त्यावर दोघींची रेषा छापील रेषा ओलांडून खाली आलेली दिसते. अंगणवाडीच्या कार्डावर दोघी वर्षभर हिरव्या पट्ट्यातच राहतात, म्हणजे नोंद 'साधारण'. तरी बालरोगतज्ज्ञ पहिलीच्या आईला निश्चिंत घरी पाठवतील आणि दुसरीच्या आईला बसवून घेतील. असं का, हे कळायला या कागदावरच्या छापील रेषा कुठून आल्या ते बघावं लागतं.

मुलाची उंची नियमित मोजून ठेवण्याचं सगळ्यात प्रसिद्ध जुनं उदाहरण फ्रान्समधलं आहे. मोंबेयार नावाच्या एका काउंटने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाला सुमारे दर सहा महिन्यांनी मोजलं, ते थेट १७७७ पर्यंत. त्याचा मित्र, निसर्गअभ्यासक ब्युफाँ, याने ते आकडे आपल्या ग्रंथाच्या पुरवणीत छापले. त्यात आलेख नव्हता, फक्त फूट आणि इंचांचे फ्रेंच आकडे होते. १९२७ मध्ये स्कॅमन या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञाने ते सेंटिमीटरमध्ये बदलून कागदावर उतरवले, तेव्हा एका मुलाच्या अठरा वर्षांच्या वाढीची वळणदार रेषा डोळ्यांना दिसली. ही एकाच मुलाची रेषा होती. शेजारी कुणीच नाही, त्यामुळे तो उंच की बुटका हे ती सांगू शकत नव्हती.

दुसऱ्या प्रकारची रेषा बॉस्टनमध्ये तयार झाली. हेन्री बोडिच या डॉक्टरने तिथल्या हजारो शाळकरी मुलांची उंची-वजनं गोळा केली होती. फ्रान्सिस गाल्टनने लोकांना उंचीनुसार रांगेत लावून शंभर भाग पाडण्याची पद्धत काढली होती. तीच वापरून बोडिचने १८९१ मध्ये आपले आकडे पर्सेंटाइलच्या रेषांत मांडले. पंधराव्या पर्सेंटाइलवरचं मूल म्हणजे त्या वयाच्या शंभरांपैकी साधारण पंधरा मुलं त्याच्याहून लहान, बाकीची मोठी. एवढाच त्याचा अर्थ. सीईटीच्या निकालामुळे आपल्याकडे पर्सेंटाइल हा शब्द ऐकला की पालकांना मार्क आठवतात आणि पंधरा म्हणजे नापास वाटतं. वाढीत नापास कुणी नसतं. पंधराव्या रेषेवर वर्षानुवर्षं सुखाने चालणारी मुलं पुष्कळ असतात.

बोडिचच्या रेषांत एक खोच होती, ती आजही अनेकांच्या लक्षात येत नाही. पाच वर्षांची मुलं वेगळी, सहा वर्षांची वेगळी, सात वर्षांची आणखी वेगळी. प्रत्येक वयाला जमलेल्या गर्दीचे ठिपके जोडून ती रेषा बनली होती. तिच्यावरून खरोखर चाललेलं एकही मूल नव्हतं. म्हणजे आज आपण तक्ता भरतो तेव्हा दोन वेगळ्या कुळांच्या रेषा एकावर एक ठेवत असतो: छापलेली गर्दीची आणि पेनाने काढलेली एका मुलाची. दोन्ही समांतर जाव्यात ही अपेक्षा सोयीची आहे, पण शरीराने तसा करार केलेला नाही. त्यातून गर्दीच चुकीची निवडली असेल तर सगळाच घोळ होतो, आणि तो घोळ मोठ्या प्रमाणावर झाला.

१९७७ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य सांख्यिकी संस्थेने नवे तक्ते काढले आणि जागतिक आरोग्य संघटनेने ते जगभर वापरायला सुचवले. त्यातल्या लहान बाळांच्या रेषा ओहायो राज्यातल्या यलो स्प्रिंग्ज या गावाभोवतीच्या एका अभ्यासातून आल्या होत्या. बाळं बहुतेक गोऱ्या, मध्यमवर्गीय घरांतली, आणि बहुतेक बाटलीच्या दुधावर वाढलेली. मोजमाप साधारण तीन-तीन महिन्यांनी, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांतली वेगवान वाढ त्या रेषेत नीट उमटलीच नाही.

परिणाम आकड्यांत बघा. त्या तक्त्यात मुलींची मधली रेषा तिसऱ्या महिन्याला ५.४ किलो, सहाव्याला ७.२ आणि बाराव्याला ९.५ दाखवत होती. आजच्या तक्त्यात तेच आकडे ५.८, ७.३ आणि ८.९ आहेत. अंगावर पिणारं निरोगी बाळ पहिले दोन-तीन महिने भराभर वाढतं आणि मग सावकाश होतं. जुन्या कागदावर हेच बाळ तिसऱ्या महिन्यात मधल्या रेषेच्या वर दिसायचं, सहाव्या महिन्यात जेमतेम तिच्यावर आणि वर्षाला तिच्या बरंच खाली. बाळाला काहीही झालेलं नसायचं. घसरण त्याची नव्हती, कागदाची होती. तरी तक्ता हातात धरलेल्या माणसाला 'दूध पुरत नाही' हाच निष्कर्ष सुचायचा, आणि मग चौथ्या महिन्यातच वरचं दूध किंवा पातळ पेज सुरू व्हायची. अस्वच्छ पाण्याच्या गावात त्या सल्ल्याची किंमत जुलाबाने मोजावी लागते.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात पाहणी नव्याने केली. ब्राझीलमधलं पेलोटास, घानामधलं आक्रा, ओमानमधलं मस्कत, नॉर्वेतलं ओस्लो, अमेरिकेतलं डेव्हिस आणि आपली दक्षिण दिल्ली, अशा सहा ठिकाणची मिळून सुमारे साडेआठ हजार मुलं. प्रश्नही बदलला होता: मुलं किती वाढतात हे नाही, तर सगळं ठीक असेल तर किती वाढायला हवीत. म्हणून अंगावरचं दूध घेणारी, आई धूम्रपान न करणारी, घरात वाढीआड येणारी चणचण नसलेली मुलंच घेतली. त्यातल्या एका गटाला जन्मापासून दोन वर्षांपर्यंत एकवीस वेळा घरी जाऊन मोजलं. दिल्लीची सुस्थितीतली बाळं आणि ओस्लोची बाळं लांबीत जवळपास सारखीच वाढली. 'आपली मुलं मुळातच बारीक चणीची' हे आपल्याकडचं आवडतं समर्थन निदान पहिल्या पाच वर्षांपुरतं त्याने बरंचसं निकालात काढलं. नवे तक्ते २००६ मध्ये आले आणि भारतातल्या अंगणवाड्यांनी ते २००८ मध्ये स्वीकारले. मुलींचं कार्ड गुलाबी, मुलांचं निळं.

त्याआधी आपल्याकडे बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेची १९७२ ची श्रेणी चालत होती: अपेक्षित वजनाच्या ८० टक्क्यांहून जास्त म्हणजे ठीक, त्याखाली पहिली, दुसरी, तिसरी, चौथी श्रेणी. मोजायला सोपं होतं, म्हणून टिकलं. पण श्रेणी मूल कुठे आहे तेवढंच सांगते, कुठे चाललं आहे ते सांगत नाही. हा फरक डेव्हिड मॉर्ली या इंग्रज डॉक्टरने नायजेरियातल्या इमेसी-इले या खेड्यात १९५० च्या दशकातच ओळखला होता. त्याच्या कार्डावर दोनच वक्ररेषा होत्या, कार्ड दवाखान्यात न राहता आईच्या घरी राहायचं, आणि बघायची ती पेनाच्या रेषेची दिशा: वर, आडवी की खाली. मला विचाराल तर नंतरच्या सगळ्या सांख्यिकीपेक्षा ही कल्पना जास्त कामाची आहे.

आता पहिल्या मुलीकडे येऊ. ३.७ किलो म्हणजे जन्मतः ८५ वी रेषा. सहाव्या महिन्यात ती मधल्या रेषेवर आली आणि तिथून पुढे रेषेला धरून चालली. जन्माचं वजन आईच्या पोटातल्या परिस्थितीवर बरंच अवलंबून असतं. आईला गरोदरपणी मधुमेह असेल तर बाळ भारी जन्मतं. नंतर आईवडिलांकडून आलेली ठेवण हळूहळू आपली जागा घेते. १९७६ मध्ये डेव्हिड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी निरोगी बाळांच्या लांबीचा असाच प्रवास मांडला: मोठी जन्मलेली काही बाळं खाली सरकतात, लहान जन्मलेली काही वर चढतात, आणि साधारण दीड वर्षाच्या आत आपापल्या वाटेला लागतात. पुढे कॅलिफोर्नियातल्या आकड्यांवरून २००४ मध्ये दिसलं की पहिल्या सहा महिन्यांत एक तृतीयांशाहून जास्त मुलं वजनाच्या दोन मुख्य रेषा ओलांडतात. दोन वर्षांनंतर असं करणारी फार थोडी. 'दोन रेषा ओलांडल्या की तपासा' हा नियम म्हणूनच वय न बघता लावला तर पुष्कळ घरांत उगाच घबराट होते, आणि चौथ्या वर्षी रेषा ओलांडणाऱ्या मुलाकडे मात्र दुर्लक्ष होतं.

दुसरी मुलगी मधल्या रेषेवरच जन्मली आणि सहा महिने तिच्यावरच चालली. म्हणजे तिची वाट ठरलेली दिसत होती. मग तीन महिने वजन तसूभर हललं नाही. नवव्या महिन्यात ती पंधराव्या रेषेवर उतरली, वर्षाला तिसऱ्या आणि पंधराव्याच्या मधे. धोक्याची मर्यादा मात्र नवव्या महिन्याला ६.५ आणि वर्षाला ७ किलो, म्हणून हिरवा पट्टा सुटत नाही. इथे पहिली शंका काट्यावरच घ्यायची. एकदा स्वेटर-दुपट्यासकट आणि एकदा उघडं वजन केलं असेल, काटा शून्यावर आणलेला नसेल, किंवा वयाचा ठिपका एक महिना पुढे पडला असेल, तर कागदावर आजार दिसतो आणि बाळात काही नसतं. बाळ महिना-दीड महिना आधी जन्मलेलं असेल तर तेवढं वय वजा करून ठिपका द्यावा लागतो, हेही राहून जातं.

वजन खरं निघालं तर पुढचा कागद लांबीचा, आणि त्यानंतर डोक्याच्या घेराचा. आधी वजन थांबलं, काही महिन्यांनी लांबी मंदावली आणि डोकं आपल्या रेषेवर राहिलं, तर पोटात अन्न कमी जातंय किंवा अंगी लागत नाही, असा कल धरतात. सहा महिन्यांनंतर वरण-भाताचं पाणी, पेज अशा पातळ गोष्टींवरच वेळ निघाला का, ताप-जुलाब वारंवार झाले का, हे विचारतात. वजन गव्हाचं खाणं सुरू झाल्यापासून थांबलं असेल आणि पोट फुगत असेल, तर सीलिअ‍ॅक या गहू न सोसण्याच्या आजाराची तपासणी सुचते. उलट लांबीची रेषा खाली येतेय आणि बाळ गुटगुटीत दिसतंय, तर थायरॉइड किंवा वाढीच्या संप्रेरकाचा विचार आधी येतो. डोक्याचा घेर भराभर वर रेषा ओलांडत असेल तर वजन बघत बसायचं नसतं, सोनोग्राफीला पाठवायचं असतं.

कागद अजूनही अधूनमधून फसवतो. दोन वर्षांपर्यंत बाळाला आडवं ठेवून मोजतात, पुढे उभं करून. उभ्या मापात सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी भरतात, आणि त्यासाठी तक्त्यालाच त्या जागी पायरी आहे. पाचव्या वर्षी तर कागदच बदलतो. जागतिक तक्ता संपतो आणि पुण्याच्या खाडीलकर दांपत्याच्या कामातून २०१५ मध्ये आलेले भारतीय मुलांचे तक्ते सुरू होतात. शेवटच्या ठिपक्याला आणि नव्या कागदावरच्या पहिल्या ठिपक्याला जोडून मुलाने रेषा ओलांडली असं म्हणता येत नाही. पाचव्या वाढदिवसाचं माप दोन्ही कागदांवर टाकून ठेवावं, आणि पुढची तुलना नव्या कागदावरच्या त्या ठिपक्यापासून करावी.