एकाच खरेदीखताच्या चार तारखा: दाव्याचा तारीखवार तक्ता कसा तयार होतो

जमिनीचा दावा चार-पाच वर्षं चालला की कागद पिशवीत मावत नाहीत. दावा, कैफियत, निशाणी ५ चा मनाईचा अर्ज, त्यावरचं म्हणणं, सरतपासणीची प्रतिज्ञापत्रं, सातबारे, फेरफार. तारीखवार तक्ता करून घ्यायला आमच्याकडे पिशवी ठेवताना बहुतेक जण एकच वाक्य बोलतात: "समोरचा तारखा बदलतोय." कधी तो खरंच बदलत असतो. पण बरेचदा दोघंही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या दिवसांबद्दल.

समजावण्यासाठी एक उदाहरण रचलं आहे. उत्तर सोलापूर तालुक्यातली दोन एकर जमीन. वादीकडे साठेखत आहे, आणि मालकाने तीच जमीन तिसऱ्याला विकली. वादीने १० जुलै २०१८ रोजी दावा लावला, नंतर दुरुस्ती करून त्यात लिहिलं की विक्री ऑक्टोबर २०१८ मध्ये झाली. खरेदीदाराच्या कैफियतीत जून आहे, मालकाच्या प्रतिज्ञापत्रात सप्टेंबर. तीन माणसं, तीन महिने.

अशा वेळी आम्ही कुणाचंच ऐकत नाही, मूळ दस्त उघडतो. त्यावरून तक्त्यात या ओळी येतात:

| तारीख | काय झालं | कशावरून |
|---|---|---|
| २८ जून २०१८ | खरेदीखतावर सह्या | खरेदीखत, कैफियत |
| १० जुलै २०१८ | दावा दाखल | दाव्यावरचा शिक्का |
| ५ सप्टेंबर २०१८ | दस्त नोंदला | नोंदणीचा शिक्का, सूची क्रमांक २; मालकाचं प्रतिज्ञापत्र |
| १८ सप्टेंबर २०१८ | तलाठ्याने फेरफार धरला | फेरफार नोंदवही |
| ९ ऑक्टोबर २०१८ | मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली | तीच नोंदवही. दुरुस्त दावा |

म्हणजे कुणीच खोटं लिहिलेलं नाही. सह्या झाल्यावर दस्त नोंदणीला द्यायला चार महिन्यांची मुदत असते. फेरफार धरल्यावर हरकतीसाठी नोटीस जाते, म्हणून मंजुरी आणखी पुढे ढकलली जाते. वादीने सातबाऱ्यावर नाव बदललेलं पाहिलं आणि तीच विक्रीची तारीख धरली. फेरफाराने मालकी मिळत नाही, ती नोंद महसुलाच्या कामासाठी असते. तरीही दाव्यात सगळ्यात जास्त वेळा हीच चूक दिसते.

आता दाव्याची तारीख कुठे पडली ते पाहा: सह्या आणि नोंदणी यांच्या मधोमध. नोंदणी कायद्याच्या कलम ४७ नुसार नोंदलेला दस्त सह्यांच्या वेळेपासून अंमलात येऊ शकतो. तिकडे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२ दावा चालू असताना झालेल्या विक्रीला लागू होतं, आणि 'चालू' हे दावा दाखल झाल्या दिवसापासून मोजतात. विक्री दाव्याआधीची की नंतरची, हा वाद तुमचे वकील लढवतील. तक्ता करणाऱ्याने यातली एक तारीख 'बरोबर' ठरवून दुसरी पुसली, तर वकिलांना तो मुद्दा दिसणारच नाही. म्हणून आमच्या तक्त्यात 'विक्री झाली' अशी ओळ कधीच नसते.

काही तारखा अशा नेमक्या नसतातच. "२०१८ च्या गड्डा यात्रेत विसाराचे उरलेले पैसे दिले," असं प्रतिज्ञापत्रात असतं. यात्रा संक्रांतीला भरते हे सोलापुरात कुणाला सांगायला नको, पण गड्ड्यावरचे पाळणे नंतरही बरेच दिवस फिरत असतात. आम्ही ती ओळ जानेवारी २०१८ मध्ये ठेवतो, तारखेची जागा रिकामी सोडतो आणि साक्षीदाराचे शब्द अवतरणात जसेच्या तसे लिहितो. १४ जानेवारी असं कुणी 'सोयीसाठी' लिहिलं, की उलटतपासणीत तोच आकडा अंगावर येतो. निशाणी ५ सोबतच्या प्रतिज्ञापत्रात एक महिना आणि सरतपासणीत दुसरा असेल, तर दोन्ही ओळी राहतात, परिच्छेद क्रमांकासह.

निशाणी क्रमांकांचाही घोळ होतो. दाव्यासोबतच्या कागदांची यादी निशाणी ३ वर असेल, तर त्यातला चौथा कागद ३/४ होतो. पुढे तोच शाबीत झाला की त्याला, समजा, ४२ क्रमांक मिळतो, आणि प्रतिवादीने त्याचीच नक्कल दिलेली असेल तर तिला तिसराच. एका दस्ताचे तीन दस्त होतात ते असे. आम्ही दस्त क्रमांक आणि नोंदणीचं वर्ष जुळवून त्यांची एकच ओळ करतो आणि तिन्ही निशाण्या तिच्यासमोर लिहितो. अजून शाबीत न झालेल्या कागदापुढे तसा शेरा असतो.

येताना दाव्याची दुरुस्त प्रत आणि दुरुस्तीआधीची, दोन्ही आणा. पाठवलेल्या नोटिशी असतील तर पोस्टाची पावती आणि पोचही लागते, कारण नोटिशीवरची तारीख, टपालात टाकल्याची आणि हातात पडल्याची, या पुन्हा तीन वेगळ्या ओळी आहेत. मूळ कागद आमच्याकडे ठेवू नका. झेरॉक्स पुरते, फक्त पाठची बाजूही काढा. शिक्के बहुतेक तिकडेच असतात.