रक्ताचा थेंबही नाही, आणि ठोके थांबलेले

फेब्रुवारी महिना. द्राक्षांची काढणी जोरात होती, त्यामुळे पिंपळगाव बसवंतहून नाशिकला पोचायला दोघा नवराबायकोंना दुपार झाली. तिच्या हातात आदल्या दिवशीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. पोटावरून केलेली तपासणी, आणि शेवटी एक ओळ: हृदयाचे ठोके दिसत नाहीत, मिस्ड अबॉर्शन. लवकर पिशवी साफ करून घ्या, असं तिला तोंडी सांगितलं होतं.

"मॅडम, मला तर काहीच झालं नाही," ती म्हणाली. "रक्त नाही गेलं, पोट नाही दुखलं. आज सकाळीसुद्धा उलटी झाली. मग असं कसं होईल?"

मी सोनोग्राफीच करते, आणि हा प्रश्न वर्षानुवर्षं ऐकते आहे. तो अगदी रास्त आहे. दिवस गेलेल्या बाईला रक्त दिसलं तर घाबरायचं, हे घरोघरी माहीत असतं. रक्तच दिसलं नाही तर सगळं ठीक आहे, असं आपण मनाशी धरून चालतो. ते दरवेळी खरं नसतं. गर्भ वाढायचा थांबतो, त्याचे ठोके बंद पडतात, आणि तरीही बाईच्या शरीराला पुढे कित्येक दिवस, कधी दोनतीन आठवडेसुद्धा, त्याचा पत्ता लागत नाही. अनेकींना हे समजतं ते थेट अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातल्या, बाळाच्या मानेमागची जाडी मोजणाऱ्या एनटी स्कॅनला, घरचे बाहेर बाकावर बसलेले असताना.

रिपोर्टातल्या 'अबॉर्शन' या शब्दाबद्दल आधी सांगते, कारण त्याने फार घरं दुखावली आहेत. डॉक्टरी भाषेत आपोआप गेलेल्या गर्भालाही जुन्या सवयीने अबॉर्शनच म्हणतात. आपल्या 'गर्भपात' शब्दातही झालेला आणि केलेला असा फरक दिसत नाही. मग रिपोर्ट वाचून एखादी सासू सुनेला विचारते, "तू काही गोळी घेतलीस का?" तिने काहीही घेतलेलं नसतं. ठोके आपोआप थांबले आणि शरीराने अजून गर्भ बाहेर टाकलेला नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे.

शरीराला कळत का नाही? कारण 'दिवस गेलेत' हा निरोप बाळ देतच नाही. तो देते वार, म्हणजे सुरुवातीच्या काळात गर्भाच्या पिशवीभोवतीचं मऊ, केसाळ आवरण. हे आवरण एचसीजी नावाचं संप्रेरक तयार करतं. दिवस गेलेत का ते सांगणाऱ्या घरच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती याच एचसीजीमुळे. हे एचसीजी अंडाशयाला सांगत राहतं, की प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक चालू ठेव. आणि प्रोजेस्टेरॉन आहे तोवर गर्भाशयाचं अस्तर सुटत नाही, म्हणून रक्त जात नाही.

आता ठोके थांबले असं धरा. आवरणाच्या पेशींना अन्नपाणी मिळतं ते आईच्या रक्तातून, त्यामुळे आतला गर्भ गेला तरी त्या लगेच मरत नाहीत. त्या हळूहळू थकतात आणि एचसीजी हळूहळू उतरतं. तोवर पट्टीवर दोन रेघा येतात, मळमळ असते, छाती जड वाटते. एचसीजी पुरेसं उतरलं की प्रोजेस्टेरॉनही उतरतं, अस्तर सुटू लागतं, आणि तेव्हा कुठे पहिला लाल डाग दिसतो. मधला हा शांत काळ म्हणजेच मिस्ड मिसकॅरेज, रिपोर्टातलं मिस्ड अबॉर्शन. म्हणून उलट्या चालू आहेत याचा अर्थ ठोके चालू आहेत असा होत नाही. उलट्या थांबल्या म्हणून ठोके थांबले असंही नाही, कारण कितीतरी सुदृढ गर्भारपणांत त्या आपोआप कमी होतात. ठोके आहेत की नाहीत हे पाहूनच ठरवावं लागतं.

मी तिला लघवीला जाऊन यायला सांगितलं आणि आतून, म्हणजे योनीमार्गातून प्रोब ही ध्वनिलहरी सोडणारी दांडी घालून, सोनोग्राफी केली. पोटावरून पाहताना ध्वनिलहरींना चरबी, स्नायू, मूत्राशय असं सगळं ओलांडून जावं लागतं, म्हणून कमी वारंवारितेच्या लहरी वापराव्या लागतात आणि चित्र ढोबळ येतं. आतल्या प्रोबपासून गर्भ अगदी जवळ असतो. तिथे जास्त वारंवारितेच्या लहरी चालतात आणि मिलिमीटरभराची गोष्टही नीट दिसते. इतक्या लवकरच्या दिवसांत फक्त पोटावरून पाहून ठोके नाहीत असं ठरवू नये, ते याचसाठी.

पडद्यावर गर्भाची काळी गोल पिशवी दिसली, आत अंगठीसारखा दिसणारा योक सॅक, म्हणजे सुरुवातीला गर्भाला पोसणारी छोटी पिशवी, आणि त्याला लागून पांढरट गर्भ. डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी ५.८ मिलिमीटर, इंद्रायणी तांदळाच्या दाण्याएवढी. या वयात हृदय ऐकू येत नाही, ते दिसतं. दाण्याच्या मधोमध एक ठिपका भरभर लुकलुकत असतो, मिनिटाला शंभरावर वेळा. मी हात स्थिर धरून बराच वेळ पाहिलं. मग एम मोड लावला. त्यात मशीन एकाच रेषेवरची हालचाल वेळेनुसार काढत जातं: ठोके असतील तर दातेरी लाट येते, नसतील तर सरळ पट्टे. इथे पट्टे सरळ होते.

तरीही त्या दिवशी मी 'गर्भ गेला आहे' असं लिहिलं नाही.

आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भ ७ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असेल आणि ठोके नसतील, तरच एका तपासणीवर निदान पक्कं करता येतं. गर्भच दिसत नसेल, तर रिकाम्या पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा जास्त हवा. पूर्वी पुष्कळ ठिकाणी ५ मिलिमीटरच पुरेसे धरत. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की इतक्या छोट्या मापावर भरवसा ठेवला तर एखादा जिवंत गर्भही गेलेला ठरू शकतो. कारण साधं आहे. काही सुदृढ गर्भांत ठोके जरा उशिरा दिसू लागतात, आणि तोच गर्भ दोन डॉक्टरांनी मोजला तर अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. त्याच वर्षी ब्रिटनने नियम बदलला, आणि २०१२ मध्ये अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांच्या तज्ज्ञगटानेही हीच मापं धरली. ५ आणि ७ मधले हे दोन मिलिमीटर मला फार मोलाचे वाटतात. एका बाजूला काही दिवसांची घालमेल असते, दुसऱ्या बाजूला एक जीव.

"पण पाळी चुकून किती दिवस झाले, त्यावरून नाही का कळत?" तिच्या नवऱ्याने विचारलं.

शंका घेण्याइतकं कळतं, खात्रीने कळत नाही. शेवटच्या पाळीपासून नऊ आठवडे झाले होते, म्हणजे गर्भ सुमारे २३ मिलिमीटरचा हवा होता. पण तिची पाळी कधी पस्तीस, कधी पंचेचाळीस दिवसांनी यायची. अंडं दोन आठवडे उशिरा सुटलं असेल, तर सात आठवडे धरावे लागतात आणि अपेक्षा नऊ-दहा मिलिमीटरवर येते. मी पट्टी कधी केली ते विचारलं. चोवीस दिवसांपूर्वी, आणि दुसरी रेघ ठळक होती. पट्टी साधारण चौथ्या आठवड्याच्या आधी उमटत नाही. म्हणजे आता किमान सात आठवडे आणि तीन दिवस, आणि गर्भ बाराएक मिलिमीटरचा असायला हवा होता. दिसत होता ५.८ चा. लक्षणं चांगली नव्हती, आणि ते मी दोघांना तसंच स्पष्ट सांगितलं. पण पट्टीची तारीख ही आठवण असते, मोजमाप नव्हे. नियमाप्रमाणे किमान सात दिवस थांबून पुन्हा पाहायचं होतं. रक्तस्राव किंवा ताप नसताना एवढं थांबण्याने सहसा तब्येतीला धोका नसतो. मनाचे मात्र फार हाल होतात, हे मी नाकारणार नाही.

ती आठव्या दिवशी आली. या वयात गर्भ दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे जिवंत असता तर तो तेरा-चौदा मिलिमीटरचा दिसला असता, आणि ठोके नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. माप आलं ६.१. वाढलेले तीन दशांश मिलिमीटर ही वाढ नव्हे, मोजण्यातली तफावत. पिशवीची कड सैल, वेडीवाकडी झाली होती. एम मोडमध्ये पुन्हा सरळ पट्टे. आधी दिसलेल्या गर्भात सात दिवसांनीही ठोके नाहीत, आता शंकेला जागा नव्हती.

"मला बघू देता का?" तिने हळूच विचारलं. आपल्याकडे भिंतीवर गर्भलिंग निदान होत नसल्याची पाटी असते, त्यामुळे पडद्याकडे बघणंही गुन्हा आहे, असं अनेकींना वाटतं. कायद्याची मनाई लिंग सांगायला आहे, ठोके दाखवायला नाही. मी पडदा तिच्याकडे वळवला. कुठे लुकलुक दिसायला हवी होती, ते बोटाने दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली.

मग तिने विचारलं, "काढणीला शेतात वाकले, गाडीवरून आले गेले, त्याने झालं का?"

नाही. पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. एखादं गुणसूत्र जास्त किंवा एखादं कमी, सोळाव्या क्रमांकाचं जास्तीचं गुणसूत्र विशेष आढळतं. ही चूक बहुतेकदा अंडं तयार होतानाच झालेली असते, म्हणजे पट्टी करायच्याही आधी. पपई, जिना, मोटरसायकल, यांपैकी कशानेही गुणसूत्रांची संख्या चुकत नाही. मी हे तिला सांगितलं, आणि दार उघडून बाहेर बसलेल्या तिच्या सासूबाईंना आत बोलावून त्यांनाही पुन्हा सांगितलं.

पुढचे मार्ग तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी समजावले: आपोआप सुटण्याची वाट पाहणं, गोळ्या, किंवा भूल देऊन छोट्या नळीने गर्भाशय रिकामं करणं. गोळ्यांत आधी मिफेप्रिस्टोन आणि मग मिसोप्रोस्टॉल दिलं, तर एकट्या मिसोप्रोस्टॉलपेक्षा गर्भाशय पूर्ण मोकळं होण्याची शक्यता वाढते. या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणायच्या नसतात. मात्रा आणि वेळ डॉक्टरांनी ठरवायची असते, आणि रक्तगट निगेटिव्ह असेल तर पुढच्या गर्भारपणाला जपणाऱ्या अँटी-डी इंजेक्शनचं त्यांना आवर्जून विचारायचं. तासाला दोन पॅड भिजू लागले आणि तसं दोन तास चाललं, किंवा ताप आला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

तिने गोळ्या निवडल्या. दुसऱ्या दिवशी घरीच रक्तस्राव झाला, आई सोबत होती. आवरणाच्या पेशी गेल्या तरी एचसीजी रक्तातून उतरायला काही आठवडे घेतं, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा पट्टी करायची असते. तेव्हाही दोन रेघा आल्या, तर आत काही उरलं आहे का, ते पाहावं लागतं. तिचा फोन बरोबर तीन आठवड्यांनी आला. म्हणाली, एकच रेघ आहे.