लिम्फोमाचं स्टेजिंग आणि केमोनंतरचा पेट स्कॅन

लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. या पेशी मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या गाठींमध्ये, छातीत, पोटात, प्लीहेत, बोन मॅरोमध्ये सगळीकडेच असतात, त्यामुळे आजार नेमका कुठे कुठे आहे हे आधी शोधावं लागतं, आणि त्यालाच स्टेजिंग म्हणतात. केमो झाल्यावर प्रश्न बदलतो, म्हणजे जे उरलंय ते जिवंत आहे की मेलेलं, आणि या दुसऱ्या प्रश्नासाठी पेट स्कॅन लागतो, म्हणजे जास्त साखर ओढणाऱ्या पेशी चित्रात उजळून दाखवणारा स्कॅन. या नोंदीत मुख्यतः हॉजकिन लिम्फोमाचं उदाहरण घेतलंय, कारण पेटवरून ट्रीटमेंट बदलायची पद्धत तिथे सगळ्यात पक्की बसली आहे.

स्टेजचे चार आकडे १९७१ साली अमेरिकेतल्या ॲन आर्बर इथे ठरले. गाठींचा एकच भाग असेल तर पहिली स्टेज, दोन किंवा जास्त भाग पण सगळे डायफ्रॅमच्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याच्या, एकाच बाजूला असतील तर दुसरी, डायफ्रॅमच्या वर आणि खाली दोन्हीकडे असेल तर तिसरी, आणि लिव्हर, बोन मॅरो, फुफ्फुस अशा गाठींबाहेरच्या अवयवांत पसरला असेल तर चौथी. डायफ्रॅमच का, तर हॉजकिन बहुतेक वेळा एका गाठीच्या भागातून शेजारच्या भागात असा ओळीने सरकतो, आणि तेव्हा मुख्य उपचार रेडिएशन होता, त्यामुळे शेक कुठून कुठपर्यंत द्यायचा हे कळणं फार गरजेचं होतं. त्यासाठी त्या काळी चक्क पोट उघडून प्लीहा काढायचे आणि लिव्हरचे तुकडे तपासायला घ्यायचे, फक्त स्टेज कळावी म्हणून! ते आता इतिहासजमा झालं.

आकड्याच्या पुढे ए किंवा बी लागतो. अडतीस डिग्री सेल्सियसच्या वरचा कारण न सापडणारा ताप, रात्री कपडे-चादर बदलावे लागतील इतका घाम, किंवा सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन कमी होणं, यातलं एक जरी असलं तर बी, नाहीतर ए. नुसती खाज किंवा थकवा यात धरत नाहीत. चौथी स्टेज ऐकली की घरच्यांचा धीरच सुटतो, पण फुफ्फुस किंवा जठराच्या कॅन्सरमधली चौथी स्टेज आणि लिम्फोमातली चौथी स्टेज यांची तुलनाच करू नये, इथे चौथ्या स्टेजचा हॉजकिनसुद्धा पूर्ण बरा करायच्या हिशोबानेच ट्रीट करतात आणि बऱ्याच जणांचा तो बराही होतो.

२०१४ साली लुगानो वर्गीकरण आलं. त्यात चार स्टेज ठेवल्या, पण जे लिम्फोमा पेटवर नीट उजळतात त्यांचं स्टेजिंग पेट-सीटीनेच करायचं असं ठरलं, आणि हॉजकिनमध्ये पेट झाला असेल तर बोन मॅरोची सुई सरसकट टोचायची गरज उरली नाही. पेशंटच्या बाजूने बघितलं तर हा बदल छोटा नाही, कमरेच्या हाडात जाड सुई घालून घेतलेल्यांना विचारा.

पेट काम कसं करतो? ग्लुकोजसारखाच दिसणारा एक रेणू असतो, एफडीजी, त्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सर्गी अणू जोडलेला असतो. भूक जास्त असलेल्या पेशी तो ग्लुकोज समजून आत ओढतात, त्यावर पहिली प्रक्रिया करतात, पण पुढचं पचन काही होत नाही आणि तो आतच अडकतो. इंजेक्शननंतर साधारण एक तास शांत पडून राहायचं, मग मशीन अंगातून बाहेर पडणाऱ्या किरणांवरून कुठे किती साठलंय ते दाखवतं. त्यासोबतच्या सीटीमुळे ती जागा नेमकी कुठली ते कळतं. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून ते औषध सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात त्याच दिवशी बनवून पोचवावं लागतं, साठवून ठेवता येत नाही. भारतात ही सोय आधी मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली सुरू झाली.

आता मुख्य मुद्दा. हॉजकिनच्या गाठीत कॅन्सरच्या पेशी खरं तर थोड्याच असतात, बाकी सगळा गोतावळा सूज आणणाऱ्या पेशींचा आणि तंतूंचा असतो. केमोने कॅन्सर मेला तरी तंतूंचा व्रण तिथेच राहतो, विशेषतः छातीत मोठी गाठ असेल तर. सीटीवर चार सेंटिमीटरचा गोळा दिसतो आणि तो नुसता व्रण आहे की आत अजून आजार आहे हे सीटी सांगूच शकत नाही, कारण सीटीला फक्त आकार आणि घनता कळते. १९९९ च्या निकषांमध्ये तर यासाठी एक वेगळा कप्पाच होता, 'पूर्ण प्रतिसाद, पण खात्री नाही' असा. २००७ मध्ये पेट निकषांत आला आणि तो कप्पा काढून टाकला. गाठ उरलीय पण एफडीजी ओढत नाही, तर तो पूर्ण प्रतिसाद, गाठीचा आकार काही का असेना.

पण 'ओढत नाही' हे ठरवायचं कसं? एक डॉक्टर म्हणणार थोडं उजळलंय, दुसरा म्हणणार काही नाही. म्हणून २००९ मध्ये फ्रान्समधल्या दोव्हिल या गावी जमलेल्या तज्ज्ञांनी पेशंटच्याच शरीरातल्या दोन जागा मोजपट्टी म्हणून धरल्या, छातीच्या मध्यभागातल्या मोठ्या रक्तवाहिनीतलं रक्त आणि लिव्हर. जुन्या आजाराची जागा काहीच उजळत नसेल तर स्कोअर एक, रक्ताइतकी किंवा कमी उजळली तर दोन, रक्तापेक्षा जास्त पण लिव्हरइतकी किंवा कमी तर तीन, लिव्हरपेक्षा मध्यम प्रमाणात जास्त तर चार, खूपच जास्त किंवा नवीन जागी आजार दिसला तर पाच. एक, दोन, तीन म्हणजे सहसा पूर्ण प्रतिसाद. चार-पाच असेल तर आधीच्या स्कॅनपेक्षा किती कमी झालंय ते बघतात, कमी झालं असेल तर अर्धवट प्रतिसाद.

एक नमुना केस घेऊ. समजा सव्वीस वर्षांची मुलगी आहे, मानेत गाठ, दोन महिने संध्याकाळचा ताप, वजन ६० वरून ५२ किलो. बायोप्सीत हॉजकिन निघाला. सीटीत मानेत गाठी आणि छातीत नऊ सेंटिमीटरचा गोळा, म्हणजे दुसरी स्टेज बी. पेटमध्ये मात्र प्लीहेत दोन ठळक ठिपके उजळले, हॉजकिनमध्ये प्लीहा गाठींच्या भागातच मोजतात पण ती डायफ्रॅमच्या खाली आहे, म्हणून स्टेज झाली तीन बी. एबीव्हीडी नावाची चार औषधांची केमो सुरू झाली. दोन सायकल झाल्यावर, तिसरी सुरू व्हायच्या आधी पुन्हा पेट. प्लीहा शांत, मान शांत, छातीतला गोळा साडेचार सेंटिमीटर. त्याचं एसयूव्ही, म्हणजे औषध किती साठलं त्याचा आकडा, १.९. छातीतल्या रक्ताचं १.६, लिव्हरचं २.४. रक्तापेक्षा जास्त, लिव्हरपेक्षा कमी, म्हणजे स्कोअर तीन. गोळा अजून अर्धा शिल्लक आहे आणि तरी रिपोर्ट चांगला आहे, हे घरच्यांना समजावताना डॉक्टरांना वेळ लागतो.

या स्कोअरवर पुढची औषधं ठरतात. २०१६ साली छापून आलेल्या रॅथल नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये बाराशेहून जास्त पेशंट होते, दोन सायकलनंतर पेट निगेटिव्ह, म्हणजे स्कोअर एक ते तीन, आलेल्यांपैकी अर्ध्यांचं एबीव्हीडीतलं ब्लिओमायसिन हे फुफ्फुसाला त्रास देऊ शकणारं औषध बंद केलं आणि बाकीची तीन औषधं चालू ठेवली. तीन वर्षांनी आजार न वाढता राहिलेले ब्लिओमायसिन घेणाऱ्यांत ८५.७ टक्के आणि न घेणाऱ्यांत ८४.४ टक्के, म्हणजे फरक किरकोळ, आणि फुफ्फुसाचा त्रास मात्र कमी. आपल्या नमुन्यातल्या मुलीचंही ब्लिओमायसिन तिथेच थांबवता येतं. स्कोअर चार-पाच आला असता तर त्याच ट्रायलप्रमाणे जास्त जोरदार केमोकडे वळले असते. अर्थात हे हॉजकिनचं झालं, मोठ्या बी पेशींचा लिम्फोमा हा वेगळा प्रकार आहे आणि त्यात मधल्या पेटवरून औषध बदलून फायदा होतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही, तिथे शेवटचा पेट जास्त महत्त्वाचा.

शेवटचा पेट कधी करायचा यावर बरंच अवलंबून असतं. केमोमुळे आणि मरणाऱ्या पेशींमुळे सूज येते आणि सूजसुद्धा ग्लुकोज ओढते, म्हणून केमो संपल्यावर सहा ते आठ आठवडे थांबणं चांगलं, निदान तीन तरी. रेडिएशन झालं असेल तर साधारण तीन महिने. घाईघाईत स्कॅन करून घेतला आणि काहीतरी उजळलं, मग महिनाभर सगळ्यांची झोप उडाली, असं होतं. पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं नुकतीच झाली असतील तर सगळा मणका एकसारखा उजळतो, ते मॅरो कामाला लागल्याचं लक्षण आहे. आणि तरुण पेशंटमध्ये केमो संपल्यावर काही महिन्यांनी छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी परत फुगते, पेटवर त्रिकोणी किंवा उलट्या व्ही आकाराची दिसते, जागाही नेमकी जुन्या आजाराचीच, त्यामुळे नवशिक्याला ती रिलॅप्स वाटू शकते.

आपल्याकडे सगळ्यात मोठा गोंधळ टीबीचा. टीबीच्या गाठीसुद्धा जोरात एफडीजी ओढतात, आणि केमोने प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसात जुना टीबी डोकं वर काढू शकतो. उजळण्याच्या आकड्यावरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. संशय कधी घ्यायचा? मूळ आजाराच्या सगळ्या जागा शांत झाल्यात आणि पूर्वी कधीच नसलेल्या एखाद्या ठिकाणी, म्हणजे फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला वगैरे, नवीन उजेड दिसतोय, तेव्हा. म्हणूनच शेवटच्या पेटवर स्कोअर चार-पाच आला तरी दुसऱ्या फळीची केमो सुरू करण्याआधी जमेल तिथे बायोप्सी घेतात. उलटही खरं आहे, काही मिलिमीटरचा किंवा मोजक्या पेशींचा आजार पेटला दिसत नाही, म्हणून निगेटिव्ह रिपोर्टनंतरही काहींमध्ये आजार परततो.

काही लिम्फोमा मुळातच कमी उजळतात, उदाहरणार्थ छोट्या लिम्फोसाइटचा लिम्फोमा आणि बरेच मार्जिनल झोन प्रकार, तिथे सीटीच धरतात. मेंदू तर नेहमीच उजळलेला असतो, त्यामुळे मेंदूतल्या लिम्फोमासाठी एमआरआय.

स्कॅनच्या आधी चार ते सहा तास उपाशी राहायचं, पाणी चालतं, साखर २०० च्या आत हवी. नुकतंच इन्सुलिन घेतलं असेल तर औषध स्नायूंमध्ये जातं, मेटफॉर्मिनने आतडी उजळतात, आणि एसी रूममध्ये कुडकुडलं की मानेभोवतीची तपकिरी चरबी उजळते, नेमकी जिथे गाठी शोधायच्या तिथेच, म्हणून स्वेटर किंवा शाल सोबत ठेवलेली बरी. शक्यतो सगळे स्कॅन एकाच सेंटरला, एकाच मशीनवर करावेत, आणि ते जमत नसेल तर पहिल्या स्कॅनची सीडी न विसरता न्यावी, नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही, कारण तुलना चित्रांची करायची असते. पूर्ण प्रतिसाद मिळाल्यावर मात्र दर काही महिन्यांनी पेट करत बसायची शिफारस नाही, तेव्हा तपासणी, लक्षणं आणि रक्ताचे रिपोर्ट बघतात, आणि काही शंका आली तरच पुन्हा स्कॅन.