रांगोळी स्पर्धेच्या पत्रकातले नियम आणि निकष

नवरात्रापासून दिवाळीपर्यंत रंगाच्या दुकानात उसंत नसते. घरोघरी रंगकाम निघालेलं असतं, रंगारी सकाळीच डब्यांसाठी दुकानाच्या पायरीवर येऊन उभे असतात. रांगोळी स्पर्धा पुरस्कृत करायला दुकानदार याच दिवसांत तयार होतो, कारण भिंतीला कुठली शेड द्यायची हे ज्या घरात ठरतं त्याच घरातलं कुणीतरी स्पर्धेला येतं. मंडळाला बक्षिसाची सोय होते, दुकानाचा फलक लागतो, आणि मग घाईघाईत एक पत्रक निघतं. पत्रकातला मजकूर बहुतेक वेळा असा असतो:

"आकार ४ × ४ फूट. वेळ ३ तास. रंगसंगती, सुबकता, वेळेचे पालन, विषयाला धरून मांडणी, स्वच्छता व आकार यांवर गुण दिले जातील. पुरस्कर्त्यांचे रंग वापरणे बंधनकारक. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील."

वाचताना यात काही खटकत नाही. पण नियम आणि निकष या दोन वेगळ्या गोष्टी इथे एकाच पिशवीत कोंबल्या आहेत, आणि निकालाच्या वेळी होणाऱ्या भांडणांपैकी बरीचशी तिथूनच निघतात.

नियमाचं उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं. रांगोळी चौकटीच्या आत आहे की बाहेर? शिट्टी झाल्यावर हात थांबला की नाही? हे बघायला रांगोळी कळावी लागत नाही. हातात टेप आणि घड्याळ असलेला कुठलाही कार्यकर्ता ते सांगू शकतो. निकषाचं उत्तर कमी-जास्त असतं. रेष किती सफाईची आहे, जांभळ्याशेजारी पिवळा शोभला की ओरडला, कोपऱ्यांत आणि मध्यात तोल साधला का, याला डोळा लागतो आणि दोन जाणत्या परीक्षकांचे गुण वेगळे पडू शकतात. तसे पडले तर त्यात गैर काही नाही. म्हणून नियम पाळल्याचे गुण देऊ नयेत, आणि निकषात कमी पडल्याबद्दल कुणाला बाद करू नये.

वरच्या पत्रकात आकार हा गुणांच्या यादीत बसला आहे. त्याचं काय होतं ते एका उदाहरणात बघा. समजा तीन परीक्षक आहेत, प्रत्येकाकडे १०० गुण. सात नंबरच्या रांगोळीला त्यांच्या डोळ्यांनी ८४, ८० आणि ८२ मिळायला हवेत, म्हणजे एकूण २४६. बारा नंबरला ८१, ७९ आणि ८०, म्हणजे २४०. सात नंबर सरळ पुढे आहे. पण तिच्या बाहेरच्या कमळपाकळ्या चार फुटांच्या पुढे पाच इंच गेल्या आहेत. पहिल्या परीक्षकाला ते चालतं, कारण त्या पाकळ्यांनीच रांगोळी उठून दिसते. दुसरा आकाराचे म्हणून दहा गुण कापतो. तिसऱ्याच्या ते लक्षातच येत नाही. सात नंबर २३६ वर येते आणि बारा नंबर पहिली ठरते. दुसऱ्या परीक्षकाने बाद समजून शून्य टाकलं असतं, तर ती १६६ वर जाऊन पहिल्या पाचांतूनही गेली असती. रांगोळी तीच, परीक्षकही तेच. आकार मोडला तर काय करायचं हे पत्रकाने सांगितलं नाही, म्हणून प्रत्येकाने आपापल्या मनाने ठरवलं.

आकार हा नियम मानला की प्रश्न परीक्षकांपर्यंत जातच नाही. त्याहून सोपा उपाय म्हणजे स्पर्धकांना टेप लावायलाच न सांगणं. आदल्या संध्याकाळी मंडळाने दोरी आणि खडूने चौकटी आखून द्याव्यात, दोन चौकटींत दोन फूट वाट सोडावी आणि प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात नंबर लिहावा. नंबर चिठ्ठीने काढायचे, कारण मैदानाची एक बाजू कायम उन्हात असते आणि एक वाऱ्यात. रेषेबाहेर काही गेलंच, तर फेरी मारणारा कार्यकर्ता तिथल्या तिथे सांगतो, स्पर्धक ते पुसून आत घेते, आणि परीक्षक आल्यावर त्यांना फक्त रांगोळी दिसते.

वेळेचंही असंच. "वेळेचे पालन: १० गुण" हे वाक्य मला कधीच कळलेलं नाही. तीन तास दिले आणि सगळ्यांनी तीन तासांत संपवलं, तर ते दहा गुण सगळ्यांना सारखेच. कुणी दोन तासांत उठलं, तर त्या व्यक्तीला जास्त द्यायचे का? शिट्टी झाली की हात वर, एवढा नियम पुरतो. रांगोळी अर्धवट राहिली तर ती बाद करू नका. तिचं अपुरेपण रचनेच्या गुणांत आपोआप दिसेल.

आता रंगाच्या दुकानाचा भाग, कारण खरी गंमत तिथे आहे. "पुरस्कर्त्यांचे रंग वापरणे बंधनकारक" हे वाचून लोक दुकानात जातात, आणि दुकानात असतं काय? इमल्शन, डिस्टेंपर, ऑइल पेंट, स्टेनरच्या छोट्या बाटल्या आणि लाल-पिवळ्या ऑक्साइडच्या पुड्या. त्यातलं एकही रांगोळीचं नाही. रांगोळी म्हणजे दगडाची रवाळ पूड. चिमटीतून ती सारखी सुटते ती त्या रव्यामुळे. ऑक्साइड मैद्यासारखं बारीक असतं. ते बोटाला चिकटतं, रेष तुटते, वाऱ्याने शेजारच्या चौकटीत उडतं, आणि शहाबादी फरशीवर पडून ओलं झालं तर डाग पुढची दिवाळी बघतो. व्यक्तिचित्रं काढणारे लेक कलर वापरतात, पण तेही पांढऱ्या रांगोळीत मिसळून, आणि ते त्यांचे ते आणतात.

सुट्या पुडीत आणखी एक धोका आहे. जुन्या पद्धतीच्या क्रोम यलोसारख्या पिवळ्या पिगमेंटमध्ये शिसं असतं. घरगुती तयार रंगांतल्या शिशावर केंद्र सरकारने २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची मर्यादा घातली, पण ती डब्यातल्या रंगांसाठी आहे. उघड्या बोटांनी तीन तास हाताळायच्या पुडीला त्या मर्यादेचा आधार नाही, आणि स्पर्धेत दहा वर्षांची मुलंही बसतात.

तेव्हा साहित्याबद्दल स्वच्छ नियम हवा: फक्त कोरडी रांगोळी आणि रांगोळीचेच रंग, ओला रंग, ऑक्साइड, स्टेनर चालणार नाही. हे दुकानदाराला आधी समजावून सांगावं लागतं, कारण त्याला वाटतं त्याच्या पैशाने चाललेल्या स्पर्धेत त्याचाच माल बाद झाला. यावर चांगली तोड अशी की दुकानाने सगळ्यांना सारखं साहित्य द्यावं. हिशोब अवघड नाही. ४ × ४ फूट म्हणजे साधारण दीड चौरस मीटर. एक मिलिमीटर थर धरला तर दीड लिटर पूड लागते, म्हणजे वजनाने दोनेक किलो. एक किलो पांढरी आणि सहा रंगांच्या पाव-पाव किलोच्या पुड्या, सगळं दुकानाच्या पिशवीत. यात एक अनपेक्षित फायदाही होतो. सगळ्यांकडे तेच सहा रंग असले, की रंगसंगतीचे गुण महागड्या रंगांना न जाता रंग मिसळणाऱ्या हाताला जातात. पांढरं घालून फिकट छटा काढणं आणि दोन रंगांच्या मधली तिसरी छटा बनवणं परीक्षकाला लगेच दिसतं.

साहित्य विकतच घ्यायला लावायचं असेल, तर तो खर्च प्रवेश शुल्कासारखा धरून पत्रकात रकमेसकट छापावा. "रांगोळीत दुकानाचं नाव असल्यास जादा गुण" ही मागणी मात्र मंडळाने तिथेच थांबवावी. फलक मंडपावर लागतोच. दुकानमालकाच्या हस्ते बक्षीस द्यावं, परीक्षक म्हणून त्याला बसवू नये. त्याच्या दुकानात शेड जुळवणारा जुना कारागीर असेल तर त्याला मात्र मी आनंदाने परीक्षक करेन. त्या माणसाचा डोळा भल्याभल्या कलाशिक्षकांपेक्षा तयार असतो.

काही गोष्टी दोन्हीकडे पडतात, आणि विषय ही त्यातली सगळ्यात त्रासदायक. विषय "पाणी" असेल आणि कुणी मोर काढला, तर? "विषयबाह्य" म्हणून बाद करणं म्हणजे परीक्षकाच्या हातात कुऱ्हाड देणं. नाव नोंदवताना चिठ्ठीवर रांगोळीचं एका ओळीत नाव लिहून घ्या. "पावसाची वाट पाहणारा मोर" एवढं लिहिलं की नियमाचं काम संपलं. तो विषय किती उतरला, हे कल्पनेच्या गुणांत जातं.

सगळ्या प्रकारांना एकच गुणतक्ता लावणं हीसुद्धा चूक आहे. ठिपक्यांची आणि मुक्तहस्त रांगोळी तीन तासांत होते. व्यक्तिचित्राला तेवढ्यात नुसता बेस आणि डोळे होतात. चेहऱ्याचं साधर्म्य आणि वेलबुट्टीची लय एका मापाने मोजता येत नाही. जागा आणि बक्षिसं कमी असतील, तर व्यक्तिचित्र यंदा ठेवलेलं नाही असं पत्रकात लिहून मोकळं व्हावं.

आता तेच पत्रक, वेगळं करून:

(दुकानाचे नाव) पुरस्कृत रांगोळी स्पर्धा. वसुबारसेच्या दिवशी, शाळेच्या पटांगणावर. नंबर वाटप दुपारी २ वाजता, स्पर्धा ३ ते ६. नावनोंदणी आदल्या दिवशी रात्री ८ पर्यंत दुकानात. प्रवेश विनामूल्य, जागा ४०. नाव देताना रांगोळीला एका ओळीत शीर्षक द्यावे. साहित्य दुकानातर्फे मिळेल. चाळणी, खडू, दोरी व पुसायचे फडके स्वतःचे आणावे.

नियम (न पाळल्यास रांगोळी परीक्षणास घेतली जाणार नाही): एका चौकटीत एकच स्पर्धक. आखलेल्या चौकटीतच रांगोळी. फक्त दिलेले साहित्य. छापे व साचे नाहीत. रांगोळीवर नाव नाही, फक्त नंबर. शिट्टीनंतर हात नाही. दुकानातील व मंडळातील व्यक्तींच्या घरच्यांना प्रवेश नाही.

निकष (एकूण १००): रेषेची सफाई ३०, रंगसंगती ३०, रचना व तोल २५, कल्पना १५.

नियम कार्यकर्ते तपासतील, गुण परीक्षक देतील. समान गुण झाल्यास रेषेच्या सफाईचे गुण जास्त असलेली रांगोळी पुढे धरली जाईल. तेही समान असल्यास बक्षीस विभागून.